चोवीस शब्दांची पट्टी

भावोजींनी लॅपटॉप वकीलबाईंच्या टेबलावर असा फिरवला, जणू पोटच्या पोराचं प्रगतिपुस्तक दाखवतायत. पडद्यावर एक लांबलचक अक्षरांची आणि आकड्यांची माळ होती आणि तिच्याखाली डिजिटल नाण्यांची शिल्लक. वकीलबाईंनी चष्मा वर सरकवला, मग खाली ओढला, आणि "बरीच दिसतात की" म्हणाल्या.

"दिसतातच," भावोजी म्हणाले. "लपवायला इथे काही नाहीच. हा माझा पत्ता. पब्लिक की, म्हणजे सार्वजनिक किल्ली असते ना, तिच्यापासून तयार होतो. जगात कोणीही हा पत्ता टाकावा, माझी शिल्लक बघावी. बँकेत असं चालतं?"

बँकेत असं चालत नाही म्हणूनच लोक बँकेत पैसे ठेवतात, असं धाकटीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती तिथे ताईची बहीण म्हणून आली होती, आणि ताईने जिन्यातच बजावलं होतं, "आज तोंड बंद. मला हे एकदाचं मिटवायचंय." म्हणून ती खुर्चीत पाठ ताठ करून बसली. पाळणाघरातून फोन आला तर दिसावा म्हणून मोबाइल तिने मांडीवर उलथा न ठेवता सुलटा ठेवला होता, आणि एक डोळा त्याच्यावर आणि एक भावोजींवर, अशी तिची विभागणी चालली होती.

मिटवायचं होतं ते ताईचं लग्न. भांडणं करून दोघं दमली होती. आता एकच वकील, एकच कागद, आणि राजीखुशीने वेगळं व्हायचं, इथपर्यंत गाडी आली होती. घर दोघांच्या नावावर. त्याच घराच्या पुढच्या खोलीत ताईचं कृत्रिम दातांचं काम चालायचं. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, ताई त्यावरून दात घडवायची. भट्टी, घासायची यंत्रं, धूळ ओढणारा नळ, सगळं भिंतीत बसवलेलं. ते घर गेलं की ताईचा धंदा गेला, आणि शाळेत जाणाऱ्या लेकीला घेऊन ती भाड्याच्या खोल्या बघत फिरणार. पण भावोजींनी तोड काढली होती. घर त्यांना, नाणी ताईला. नाण्यांची किंमत घराच्या अर्ध्या हिश्श्याच्या कितीतरी वर जात होती. एवढा उदार नवरा सोडतेस तरी कशाला, असं ताईची सासू फोनवर म्हणाली होती.

उदार. धाकटीला हा शब्द भावोजींच्या शेजारी बसलेला बघवत नव्हता. लग्नात स्वतःच्या मेहुणीला दिलेल्या घड्याळाची पावती सहा वर्षं जपून ठेवणारा हा माणूस. आणि गेली तीन वर्षं तर काय, नाण्यांचे वर्ग घ्यायचा. हॉल भाड्याने घेऊन, काळा टी-शर्ट घालून, कानाला माइक लावून. समोर बसलेली माणसं वहीत उतरवून घ्यायची आणि त्यांना 'सर' म्हणायची. घरी जेवताना पाणी मागितलं तरी त्यांच्या आवाजात तो माइक असायचा.

"आता माल दिसतोय, पण हलवायचा कसा?" भावोजींनी वकीलबाईंना विचारलं, आणि नेहमीप्रमाणे उत्तर स्वतःच दिलं. "त्याला प्रायव्हेट की लागते. खाजगी किल्ली. तिने सही केली तरच नाणं जागचं हलतं. खाजगी किल्लीपासून सार्वजनिक किल्ली निघते, उलटं कधीच नाही. गहू दळून पीठ होतं, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. आणि ही खाजगी किल्ली जन्माला कशातून येते? चोवीस शब्दांतून. साधे शब्द, ठरलेल्या यादीतले, पण ठरलेल्या क्रमाने. त्यालाच सीड फ्रेज म्हणतात. शब्द असले की किल्ली ठेवायचं यंत्र हरवू दे, फुटू दे, दुसरं घ्यायचं, शब्द भरायचे, किल्ली परत."

"आणि शब्द हरवले तर?" वकीलबाईंनी विचारलं.

"तर संपलं. इथे कार्यालय नाही, साहेब नाही, अर्ज नाही. पासवर्ड विसरलात असं बटणच नाही. नाणी तिथेच राहणार, सगळ्यांना दिसणार, पण जगबुडीपर्यंत कोणाची नाहीत." एवढं बोलून त्यांनी खिशातून मखमली पिशवी काढली, तिच्यातून एक पोलादी पट्टी. पट्टीवर ठोकून उमटवलेली अक्षरं होती आणि वर पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळून तिला मोहोरबंद केलं होतं. "म्हणून मी पोलादावर ठोकतो. कागद जळतो, पोलाद जळत नाही. हे मी तिच्या स्वाधीन करणार. उद्या सह्या झाल्या की लगेच."

वकीलबाई मान डोलावत होत्या. ज्याच्यातलं काही कळत नाही त्याच्यापुढे शिकलेली माणसं डोलावतात तशी. ताईसुद्धा पट्टीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, जरा हलकं वाटल्यासारखं दिसत होतं. धाकटीला तेच सोसेना.

तिने मसुदा पुढे ओढला. लेखापरीक्षणाच्या कचेरीत नोकरी करून करून तिला एक खोड लागली होती. कागद शेवटून वाचायचा. माणसं जे दाखवायचं ते वर लिहितात आणि जे निस्तरायचं ते खाली. शेवटून तिसरं कलम असं होतं, की शब्दांची पट्टी पत्नीस मिळाली, तिच्यावरील शब्द ती यापुढे स्वतःच्या जबाबदारीवर जपेल, आणि पट्टी हाती आल्यानंतर नाणी मिळण्यात कोणतीही अडचण आल्यास पतीवर दावा राहणार नाही.

"हे कलम कुणी घातलं?" तिने विचारलं.

"मीच," भावोजी म्हणाले. "मेहुणीबाई, हे क्षेत्र असंच आहे. एकदा हातात दिलं की जबाबदारी ज्याची त्याची. उद्या तुझ्या बहिणीने पट्टीचा फोटो काढून कुणाला पाठवला आणि नाणी उडाली, तर मी कुठे पुरा पडणार?"

"बरोबर. मग असं करू या का, सह्या व्हायच्या आधी त्यातला एक कण ताईच्या वॉलेटवर पाठवून दाखवा. कचेरीतून एक कोरं यंत्र आणते मी."

"कण पाठवायचा म्हणजे शुल्क पडतं, कर लागतो, हिशेब बिघडतो."

"मग नका पाठवू. नुसतं एक वाक्य सही करून द्या. मी वाक्य सांगते, तुम्ही त्या पत्त्याच्या खाजगी किल्लीने त्यावर सही करायची. नाणं हलत नाही, शुल्क नाही, इंटरनेटसुद्धा लागत नाही. आणि पत्ता आमच्याकडे आहे, तेव्हा सही खरी की खोटी ते आम्ही पडताळून बघू. मागच्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीकडे अशी नाणी होती, तेव्हा आम्हाला हेच करायला लावलं होतं. शिल्लक बघून चालत नाही. शिल्लक कुणालाही दिसते. माझ्या मालकीचीच नाही अशा हजार पत्त्यांची शिल्लक मीसुद्धा दाखवेन."

  भावोजी हसले.

"बघितलंत?" ते वकीलबाईंना म्हणाले. "यालाच म्हणतात अर्धवट ज्ञान. दोन व्हिडिओ बघायचे आणि मला शिकवायचं. मी कोण आहे हे विसरली ही."

"कोण आहात हे नाही विसरले. पट्टीत कोण आहे ते बघायचंय," धाकटी म्हणाली.

ताईने तिच्या पायावर पाय दिला. पण वकीलबाईंना कुठेतरी टोचलं असावं. आपल्या देखरेखीखाली होणाऱ्या कागदावर उद्या कुणी बोट ठेवलं तर, हा विचार त्यांना फीपेक्षाही लवकर सुचायचा. "करून टाका ना साहेब," त्या म्हणाल्या. "एक वाक्यच तर आहे."

"यंत्र घरी आहे," भावोजी म्हणाले. "उद्या आणतो. उद्या सहीही करतो आणि सह्याही करू."

---

संध्याकाळी ताईच्या पुढच्या खोलीत दोघी बसल्या होत्या. धाकटीचं बाळ टेबलाखाली दातांच्या साच्यांच्या रिकाम्या खोक्यांशी खेळत होतं आणि ती दर अर्ध्या मिनिटाला वाकून बघत होती की तोंडात काही घातलं नाही ना. ताई एका दाढेला आकार देत होती.

"तुला ना, सगळीकडे खुसपटच काढायचं असतं," ताई म्हणाली. "तो वाईट आहे. मान्य. पण चोर नाही."

"चोर नाहीच. चोराला अक्कल लागते."

"हे बघ."

"ताई, एक सांग. त्यांनी त्या पत्त्यावरून शेवटचं नाणं कधी बाहेर पाठवलं?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे. तेच तर म्हणतात ना ते, लपवायला काही नाही." धाकटीने मोबाइल पुढे केला. त्या पत्त्याचे सगळे व्यवहार तिथे ओळीने होते. "आधी आत येतात, बाहेर जातात, आत येतात, बाहेर जातात. मग गेल्या पावसाळ्यानंतर नुसतंच आत. महिनाभर येत राहिली, मग तेही बंद. बाहेर एक कणही नाही. आणि नाण्यांचे भाव सगळ्यात वर गेले तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, मी थोडी विकली. कुठून विकली? इथून तर नाही."

ताईचं घासायचं यंत्र थांबलं. तिने तोंडावरचा कपडा खाली ओढला.

"गेल्या पावसाळ्यात काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. क्लासचा मोठा कार्यक्रम होता. तो हॉल घेतला होता बघ, गोल घुमट असलेला. मीच शूटिंग केलं." ताई आठवत बोलू लागली. "चांगला झाला कार्यक्रम. आधी त्याने तो चोवीस शब्दांचा कागद सगळ्यांसमोर जाळला. म्हणजे कागद कसा कुचकामी ते दाखवायला. मग ती पट्टी चिमट्यात धरून गॅसच्या टॉर्चने लालभडक केली, पाण्यात घातली, पुसली, अक्षरं जशीच्या तशी. टाळ्या. मग म्हणाला, आता मी माझं स्वतःचं यंत्र, ज्यात माझी खरी नाणी आहेत, ते तुमच्यादेखत पुसून टाकतो आणि या पट्टीवरून परत उभं करतो. पुन्हा टाळ्या."

"आणि उभं केलं?"

"केलं की. शब्द एकेक भरले. यंत्राने सगळे बरोबर म्हणून घेतले. फक्त शिल्लक शून्य आली. तो म्हणाला, नेटवर्कला गर्दी आहे, माहिती यायला वेळ लागतो, आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. घरी आल्यावर मी विचारलं. म्हणाला, आली सगळी."

धाकटीने डोळे मिटले. बाळाने खोकं डोक्यावर घातलं होतं ते काढायलाही ती एक क्षण विसरली.

या माणसाची तिने आजवर कितीतरी रूपं बघितली होती, पण हे तिला सुचलंही नसतं. पैसे पुरायचे असतील तर माणूस रात्री, अंधारात, कुणी बघत नाही ना असं बघून पुरतो. यांनी हॉल भाड्याने घेऊन, माइक लावून, टाळ्यांच्या गजरात पुरले.

"पण यंत्राने शब्द घेतले ना?" ताई म्हणाली. "चुकीचे असते तर नाही म्हणालं असतं. तोच सांगतो, शेवटच्या शब्दात पडताळा असतो."

"शब्द बरोबर असतील. एखाद्या वॉलेटचे. या वॉलेटचे नाहीत. चोवीस शब्दांचा प्रत्येक बरोबर संच कुठलीतरी किल्ली देतोच. ती किल्ली रिकाम्या खोलीची असली तरी यंत्र कशाला बोलेल? त्याच्या मते रिकामं वॉलेट हेही वॉलेटच."

"मग त्या पट्टीवर काय आहे?"

"ते उद्या बघू," धाकटी म्हणाली आणि बाळाच्या डोक्यावरचं खोकं उचललं.

---

दुसऱ्या दिवशी भावोजी पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. यंत्र पेनड्राइव्हएवढं, छोट्या पडद्याचं. त्यांनी ते लॅपटॉपला लावलं, बोटं मोडली.

"बोला मेहुणीबाई. वाक्य सांगा."

धाकटीने रात्रीतून वाक्य ठरवून आणलं नव्हतं. आधी ठरवलेल्या वाक्याची सही तयार करून आणता येते, ताज्याची नाही, म्हणून. तिने खोलीत इकडेतिकडे बघितलं. "लिहा. वकीलबाईंच्या टेबलावर आज दोन चष्मे आहेत."

वकीलबाईंनी दचकून टेबलाकडे बघितलं. खरंच दोन होते.

भावोजींनी वाक्य टाइप केलं, यंत्रावरची बटणं दाबली. पडद्यावर अक्षरांची एक गिचमिड उमटली. मग त्यांनी पडताळणीचं पान उघडलं. तीन चौकटी होत्या, पत्ता, वाक्य, सही. तिन्हींत त्यांनी झरझर चिकटवलं आणि बटण दाबलं.

हिरवी खूण आली. सही बरोबर.

"झालं समाधान?" भावोजींनी खुर्ची मागे रेलली. "काल मी घरी गेलो तर झोप लागली नाही. म्हटलं, घरातल्या माणसांनी अशी परीक्षा घ्यावी. पण जाऊ दे."

वकीलबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि पेन उघडलं. ताईने बहिणीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं दमलेपण होतं, आणि धाकटीला ते रागापेक्षा जड गेलं. क्षणभर तिला वाटलं, आपण खरंच किडे शोधतो की काय. घरी दुधाची बाटली तीनदा उकळणारी बाई, आपण सगळं जगच उकळायला निघालो की काय.

मग तिने सवयीने मसुदा काढला. मसुद्यात पहिल्या पानावर पत्ता छापलेला होता, ज्या पत्त्यावरची नाणी ताईला मिळणार होती तो. आणि पडद्यावरच्या पहिल्या चौकटीत पत्ता होता. सुरुवातीची अक्षरं सारखी. पण या जातीच्या सगळ्याच पत्त्यांची सुरुवात सारखी असते. तिने कागदावर बोट ठेवलं आणि शेवटून वाचायला लागली.

"भावोजी," ती म्हणाली, "पडद्यावर शेवटचं अक्षर काय आहे?"

"का?"

"कागदावर सात आहे. पडद्यावर के दिसतंय."

भावोजींनी लॅपटॉपचं झाकण पुढे ओढलं. धाकटीने दुसऱ्या बाजूने हात घातला. झाकण दोघांच्या मध्ये अडकून राहिलं, आणि वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या टेबलावर ओढाओढ नको. बघू द्या तिला."

धाकटीने पहिल्या चौकटीतला पत्ता पुसला. मसुद्याची प्रत वकीलबाईंच्या संगणकात होती, त्यातून पत्ता उचलला आणि चिकटवला. वाक्य तेच. सही तीच. बटण दाबलं.

लाल फुली आली. सही या पत्त्याची नाही.

"हे कसं काय?" वकीलबाईंनी विचारलं.

"सही खोटी नाही," धाकटी म्हणाली. "खरी आहे, पण दुसऱ्याच पत्त्याची. तुम्ही तुमच्या नावाचा शिक्का मारून मला माझ्या शेजाऱ्याच्या घराचा कागद दिलात, तर शिक्का खराच असतो की. यांनी पट्टीवरच्या किल्लीने सही केली आणि पट्टीवरच्याच पत्त्याशी ताडून दाखवली. हिरवं येणारच. नाणी आहेत त्या पत्त्याची किल्ली यांच्याकडे नाही."

"तांत्रिक अडचण आहे," भावोजी म्हणाले. "शब्दांतून पत्ता काढायचा, डेरिव्हेशनचा मार्ग बदलला की असं होतं. तुम्हाला नाही कळणार."

"बदला मार्ग. आम्ही बसतो."

ते बसले. त्यांनी दोन-तीन ठिकाणी काही दाबलं. दरवेळी नवा पत्ता यायचा आणि प्रत्येक पत्त्याचा शेवट वेगळा.  ते काय करत होते हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. पाण्यात बुडणाऱ्याने हातपाय मारावे तसे, पण अंगावर इस्त्रीचा शर्ट.

तेव्हा ताई बोलली. 

"दोन कागद होते," ती म्हणाली.

भावोजींचे हात थांबले.

"यंत्र नवीन आणलंस तेव्हा आधी तू सराव केला होतास. वर्गात ते कसं सुरू करायचं ते दाखवायला. तेव्हा यंत्राने शब्द दिले ते तू एका कागदावर लिहिलेस. मग ते पुसून पुन्हा सुरू केलंस, खरं. त्याचे शब्द दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद तुझ्या टेबलाच्या खणात, एकसारखे. पट्टी ठोकायला बसलास तेव्हा मी चहा आणून ठेवला होता, खणातून तू एक उचललास. कुठला?"

"तू मध्येच बोलत होतीस," भावोजी म्हणाले. "गॅसवाला आलाय म्हणून. लक्ष विचलित केलंस."

"म्हणजे सरावाचा उचललास."

"एका क्षणाची चूक आहे. कुणाचीही होते."

"आणि हॉलमध्ये जाळलास तो?"

  खणात उरलेला, म्हणजे खरा. धाकटीने मनातल्या मनात जुळवणी केली आणि तिला हसू आवरेना, आणि हसू येतंय याचीही थोडी किळस आली. खऱ्या शब्दांना जगात दोनच जागा होत्या, एक कागद आणि एक यंत्र. कागद त्यांनी काडी लावून जाळला आणि मग यंत्र बटण दाबून पुसलं, आणि मध्ये पाणी पिऊन घसा साफ केला.

"एकदा पट्टीवरून उभं करून बघायचं होतं," ती म्हणाली. "नाणी टाकायच्या आधी. रिकाम्या यंत्रावर. तुमच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगता ना तुम्ही?"

"सांगतो," भावोजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला माइक पहिल्यांदाच बंद होता.

ताईला मात्र अजून कुठेतरी आशा होती. "व्हिडिओ," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे. कागद जळताना मी जवळून घेतलाय. थांबवून, मोठं करून वाचता आलं तर?"

धाकटी पुढे सरकली. वकीलबाईसुद्धा पुढे झुकल्या. ताईने मोबाइलवर शोधला, टेबलाच्या मध्यभागी ठेवला. घुमटाचा हॉल, काळा टी-शर्ट, हातात कागद. कागदाला ज्योत लागली. ताईने थांबवलं, बोटांनी मोठं केलं.

कागदाची कोरी बाजू होती.

"शब्द कॅमेऱ्यात जाऊ नयेत म्हणून," भावोजी हळूच म्हणाले. "मी मुद्दाम उलटा धरला होता."

सगळ्या आयुष्यात या माणसाने एकदा, एकदाच, नीट काळजी घेतली होती.

"काढता येत नाहीत का ते शब्द कसेही?" वकीलबाईंनी विचारलं. "मोठे संगणक वगैरे?"

"एखादा शब्द विसरला असता तर यादीतला एकेक घालून बघता आला असता," भावोजी म्हणाले. "दोन असते तरी. मी विचारलं एका वॉलेट सोडवणाऱ्याला. तो म्हणाला, किती शब्द आठवतात? म्हटलं, एकही नाही. त्याने फोनच ठेवला." मग ते घाईघाईने म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नका. पुढच्या आठवड्यात नवीन बॅच आहे."

हे ऐकून ताई त्यांच्याकडे बघत राहिली. धाकटीने ताईला रडताना, ओरडताना, दार आपटताना बघितलं होतं. असं थंड बघताना बघितलं नव्हतं. दात घडवताना साच्यात बुडबुडा राहिलेला दिसला की ती असं बघायची, आणि मग तो साचा टोपलीत टाकायची.

"म्हणजे मला पट्टी देऊन, कागदावर सही घेऊन, घर घेणार होतास," ती म्हणाली. "मी शब्द भरले असते, शून्य आलं असतं, आणि तू म्हणाला असतास, तूच काहीतरी घोळ केलास."

"मी तुला नंतर सांगणार होतो."

"नंतर कधी?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना आता राग आला होता, आणि तो सात्त्विक वगैरे नव्हता. आपल्या टेबलावर, आपल्या शिक्क्याखाली, आपल्याला बावळट बनवलं जात होतं, याचा तो राग होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. एक, मी लिहिते की तुम्ही जे देऊ शकत नाही ते पत्नीला देऊ केलं. ते मग न्यायाधीशांपुढे जाईल, तुमच्या विद्यार्थ्यांपुढेही जाईल. दुसरा, आपण नुसती नावं बदलू. नाणी तुमच्या हिश्श्यात, घर यांच्या. किंमत तीच ठेवते, तुम्ही परवा लिहून दिलेली. तुमच्या आकड्याने तर तुम्हाला जास्तच मिळतंय."

"पण ती नाणी..." भावोजी म्हणाले आणि थांबले.

"काय ती नाणी?"

त्यांनी तिघींकडे आळीपाळीने बघितलं. नाणी बिनकामाची आहेत असं म्हणावं तर काल काय देत होतो हे कबूल करावं लागतं. मोलाची आहेत म्हणावं तर घर जातं. माणसाला स्वतःच्याच आकड्याने असं कोपऱ्यात उभं केलेलं धाकटीने कचेरीतही बघितलं नव्हतं, आणि तिथे तर रोज आकडेच कोपऱ्यात उभे करायचं काम.

"घराचं कर्ज फेडताना मीही..." त्यांनी सुरुवात केली.

"कर्ज ताईने फेडलंय," धाकटी म्हणाली. "दात घासून."

वकीलबाईंनी नवीन पान छापलं. छपाईयंत्राने कुरकुरत कागद सोडला. शेवटून तिसरं कलम त्यांनी तसंच ठेवलं होतं, फक्त त्यात पत्नीच्या जागी पती आला होता. भावोजींनी ते वाचलं, ओठ हलवत, जणू कुणी परक्याने लिहिलंय. मग सही केली. साधी, हाताची, निळ्या शाईची. ही मात्र कुणालाही पटण्यासारखी होती.

ताईने सही केली आणि पेन वकीलबाईंकडे परत दिलं.

भावोजींनी पट्टी मखमली पिशवीत भरली, लॅपटॉप मिटायला घेतला. पडद्यावर त्यांचा पत्ता अजून उघडाच होता, खाली शिल्लक, शेजारी आजचा भाव. त्यांनी सवयीने भावाकडे बघितलं.

"वाढलाय," ते म्हणाले.

"अभिनंदन," ताई म्हणाली, आणि आपली पर्स खांद्याला लावून जिन्याकडे निघाली. तिचा साचा भट्टीत होता.